पगार वाढला, कामगारपण गेलं

चाकणच्या एखाद्या कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर डोळ्यांसमोर आणा. महिन्याचा एकूण मोबदला ३४,००० रुपये. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० आणि उरलेले २०,००० घरभाडं, प्रवास, ओव्हरटाइम, भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा अशा शीर्षांखाली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० आता लागू झाली आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून. त्या संहितेत 'वेतन' मोजायची एक खास रीत आहे. वेतनातून वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली, तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. इथे निम्मे म्हणजे १७,०००. भत्ते २०,००० आहेत, म्हणजे ३,००० जास्त. ते वेतनात मिळवले की या माणसाचं वेतन होतं १७,०००.

पर्यवेक्षकाचं काम करणाऱ्याचं वेतन महिन्याला १८,००० पेक्षा जास्त असेल तर तो 'कामगार' नाही, असं ही संहिता म्हणते. म्हणजे आपला सुपरवायझर आज कामगार आहे. एप्रिलमध्ये त्याला अडीच हजारांची वाढ मिळाली. मोबदला झाला ३६,५००, निम्मे झाले १८,२५०, आणि मूळ पगार-महागाई भत्ता अजूनही निम्म्याच्या खालीच असल्याने वेतनही झालं १८,२५०. काम तेच, मशीन तेच, हाताखालची माणसं तीच. पण मे महिन्यात त्याला कामावरून काढलं, तर ज्या कायद्याने त्याला मार्चमध्ये दाद मिळाली असती तो कायदा आता त्याचा नाही. कंपनीत पेढे वाटले गेले असतील त्या दिवशी.

यावर कुणी म्हणेल, मर्यादा कुठेतरी असणारच. मला मर्यादेचा आकडा कमी आहे की जास्त, यावर वाद घालायचा नाही. या प्रश्नासाठी आकडा हे मापच चुकीचं आहे, असं माझं म्हणणं आहे. त्याहून मोठी चूक म्हणजे एकाच व्याख्येवर आपण दोन निरनिराळी कामं लादली आहेत.

आधी व्याख्या नीट बघू. या संहितेने ज्याची जागा घेतली तो औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ मध्ये आला तेव्हा कामगार म्हणजे अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम करणारा, एवढीच कल्पना होती. १९५६ च्या दुरुस्तीने तांत्रिक आणि पर्यवेक्षकीय काम त्यात आलं. पण पर्यवेक्षकाला महिन्याला ५०० रुपयांची अट लागली. १९८४ पासून ती १,६०० झाली. मग थेट २०१० साली १०,०००. आता १८,०००. मधली सव्वीस वर्षं १,६०० चा आकडा जागचा हलला नाही. नव्वदच्या दशकातच कुठल्याही बऱ्या कारखान्यातल्या सुपरवायझरला त्याहून जास्त पगार होता. त्यामुळे व्यवहारात प्रश्न एवढाच उरला: तुम्ही पर्यवेक्षक आहात का? हो म्हटलं की खेळ संपला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो एचआरच्या खोलीत मुद्दाम पसरवला जातो. वेतनाची मर्यादा फक्त पर्यवेक्षकाला आहे. वेल्डर, फिटर, कारकून, इलेक्ट्रिशियन यांना कितीही पगार असो, ते कामगारच. 'तुझा पगार अठरा हजारांच्या वर आहे, तुला लेबर कोर्ट नाही' असं ऐकून गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचं काम पर्यवेक्षणाचं नव्हतंच. पदाचं नाव मात्र होतं 'असिस्टंट', 'ऑफिसर', 'एक्झिक्युटिव्ह'.

नावाने फसायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे. मुंबईच्या सिबा-गायगी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याचा खटला १९८५ साली निकाली निघाला. तो स्टेनोग्राफर आणि हिशेबनीस म्हणून लागला, पुढे 'असिस्टंट' झाला आणि मग नोकरी गेली. खालच्या कोर्टाने त्याला कामगार मानलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, माणसाकडे दहा प्रकारची कामं असतील तर त्यातलं मूळ, मुख्य काम कोणतं ते शोधा. जाता जाता अंगावर टाकलेल्या दोन-चार जबाबदाऱ्यांनी त्याचा दर्जा बदलत नाही. त्याआधी १९८४ मध्ये डेल्टन केबल कंपनीच्या सिक्युरिटी इन्स्पेक्टरचा निकाल आला होता. गेटवर बसणारा, पहारेकऱ्यांवर लक्ष ठेवणारा हा माणूस कुणाला नेमू शकत नव्हता, कुणावर कारवाई करू शकत नव्हता. तो कामगार ठरला. त्याहून जुन्या लॉइड्स बँकेच्या निकालातून तर असं दिसतं, की दुसऱ्याने लिहिलेला हिशेब तपासणं म्हणजे त्या माणसावर पर्यवेक्षण करणं नव्हे.

तत्त्व इतकं स्वच्छ असताना वाद का उरतो? पुरावा कागदांचा असतो आणि कागद मालकाच्या कपाटात असतात म्हणून. कोर्टात अशा खटल्याची उलटतपासणी एकदा बसून ऐकावी. मॅनेजमेंटचा वकील रजेचे पाच-सहा अर्ज पुढे करतो. खाली सुपरवायझरची सही आहे. 'ही सही तुमचीच ना?' 'हो.' 'म्हणजे रजा तुम्ही देता.' आता त्या सहीच्या वर 'शिफारस' छापलं आहे की 'मंजूर', यावर सगळं येऊन ठेपतं. शिफारस करणारा आणि मंजूर करणारा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मंजूर करणारी सही बहुधा त्याच कागदाच्या दुसऱ्या रकान्यात, खात्याच्या मॅनेजरची असते. पण झेरॉक्स काढताना तो रकाना कापला गेला असेल, तर? मग येतात गेटपास, ओव्हरटाइमच्या स्लिपा, वर्षअखेरीचे मूल्यमापनाचे फॉर्म. फॉर्मवर सुपरवायझरने गुण भरलेले असतात. ते गुण वर कुणी बदलले हे त्याला कळवलेलंच नसतं. शेवटी विचारतात, 'तुमच्या हाताखाली किती माणसं होती?' आणि बारा माणसं आपल्या हाताखाली होती हे सांगताना माणसाचा आवाज नकळत वर चढतो. वर्षानुवर्षं तो घरी, नात्यात तसंच सांगत आलेला असतो. ते उत्तर त्याच्या विरुद्ध लिहून घेतलं जातं.

आणि हे सगळं सिद्ध करायचं ओझं सर्वसाधारणपणे 'मी कामगार आहे' असं म्हणणाऱ्यावरच पडतं. ओडिशातून आलेल्या, एका वृत्तपत्र कंपनीतल्या असिस्टंट इंजिनिअरच्या खटल्यात हे ठळक दिसलं. नोकरी गेली २००३ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २०२४ मध्ये. तो पर्यवेक्षक होता आणि पगार १,६०० च्या वर होता, म्हणून तो कामगार नाही, असं ठरलं. त्याला काढलं ते बरोबर होतं का, हा प्रश्न त्यामुळे बाजूलाच राहिला. एकवीस वर्षं खटला चालला आणि त्यातलं शेवटचं माप १९८४ सालचं निघालं.

जुनी माणसं याला आक्षेपाचा धंदा म्हणत. लेबर कोर्टात मालकाचं पहिलं उत्तर ठरलेलं: 'हा इसम कामगार नाही, सबब अर्ज चालू शकत नाही.' मग तेवढ्याच मुद्द्यावर आधी साक्षी, आधी निकाल, मग हायकोर्ट. डी. पी. माहेश्वरी विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करणाऱ्या माणसाची नोकरी १९६९ मध्ये गेली होती. १९८३ पर्यंत वाद 'तो कामगार आहे की नाही' इथेच अडकला होता. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तेव्हा कडक शब्दांत बजावलं, की असे प्राथमिक मुद्दे वेगळे काढून तंटा लांबवू नका, सगळे मुद्दे एकत्र ऐका. निकाल चाळीस वर्षांहून जुना झाला आहे. तरीही आक्षेप घेतला जातोच, कारण तो घ्यायला काही खर्च येत नाही.

दुसऱ्या टोकाला शिक्षक आहेत. गोव्यातल्या एका शाळेतल्या शिक्षिकेला काढलं, तिने औद्योगिक विवाद उपस्थित करायचा प्रयत्न केला. १९८८ मध्ये सुंदरंबल निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शाळा हा उद्योग आहे हे मान्य. पण शिकवणं हे ना अंगमेहनतीचं काम, ना कारकुनी, ना तांत्रिक, ना पर्यवेक्षकीय. म्हणून शिक्षिका कामगार नाही. त्याच शाळेतला कारकून आणि शिपाई मात्र कामगार. न्यायालयाने शिक्षकांसाठी वेगळा कायदा व्हावा असंही सुचवलं होतं. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींचंही तेच झालं. १९९४ मध्ये सँडोझ कंपनीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने (निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा) ठरवलं, की मॅनेजर किंवा मर्यादेवरच्या पगाराचा पर्यवेक्षक अशा अपवादात बसत नाही म्हणून कुणी आपोआप कामगार होत नाही, व्याख्येत दिलेल्या कामांपैकी एखाद्या प्रकारात त्याचं काम बसलंच पाहिजे. विक्री प्रतिनिधींसाठी १९७६ चा स्वतंत्र कायदा होता म्हणून ते वाचले, आणि आता नव्या संहितेने त्यांना व्याख्येतच घेतलं आहे. म्हणजे संसदेने मनावर घेतलं की एक यादी वाढवता येते. शिक्षकाचं नाव अजून त्या यादीत नाही.

आता 'औद्योगिक विवाद' म्हणजे काय, ते पाहू; कारण दार एक नाही, दोन आहेत. व्याख्येप्रमाणे मालक आणि कामगार यांच्यातला, 'कोणत्याही व्यक्तीच्या' नोकरीशी, नोकरी जाण्याशी किंवा नोकरीच्या शर्तींशी संबंधित वाद हा औद्योगिक विवाद. 'कोणतीही व्यक्ती' वाचून वाटतं, युनियनने मनात आणलं तर मॅनेजरसाठीही भांडता येईल. आसामातल्या दिमाकुची चहामळ्याच्या युनियनने तेच केलं. मळ्यातल्या सहायक डॉक्टरला काढलं होतं. डॉक्टर कामगार नव्हता, पण मजुरांना तो हवा होता. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं, की 'कोणतीही व्यक्ती' म्हणजे जगातला कुणीही नव्हे. ज्याच्या नोकरीत त्या कामगारांचा थेट किंवा भरीव हितसंबंध आहे, अशीच व्यक्ती. डॉक्टरच्या बाबतीत तो हितसंबंध न्यायालयाला दिसला नाही. न्यायमूर्ती सरकार यांचं मत वेगळं होतं, आणि मला आजही त्यांचंच पटतं. मळ्यात राहणाऱ्या मजुराला औषध देणारा माणूस राहतो की जातो, यात त्याचं हित नाही तर कुणाचं आहे?

एकट्या माणसाचं गाऱ्हाणं हा औद्योगिक विवाद नव्हे, हेही त्याच काळात ठरलं. जुन्या मध्य प्रांतातल्या एका प्रवासी वाहतूक कंपनीच्या खटल्यात १९५६ मध्ये न्यायालयाने मांडलं, की युनियनने किंवा बऱ्याच कामगारांनी प्रश्न हाती घेतला तरच तो औद्योगिक विवाद होतो. मग कुणाच्याही पाठीशी युनियन नसेल तर? म्हणून १९६५ मध्ये कायद्यात कलम २-अ घातलं गेलं: नोकरीवरून काढलं, कमी केलं किंवा कुठल्याही प्रकारे नोकरी संपवली, तर एकट्या कामगाराचा वादही औद्योगिक विवाद मानायचा. नव्या संहितेने हे थेट व्याख्येतच आणलं आहे आणि दाद मागायला दोन वर्षांची मुदत घातली आहे.

पण हे फक्त नोकरी गेल्यावर. बदली, अडवलेली वेतनवाढ, नाकारलेलं प्रमोशन, चुकीची श्रेणी यासाठी अजूनही युनियन लागते. गोकाकच्या गिरणीतल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रमोशनच्या वादात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढा दिलासा दिला, की पाठिंबा देणारी युनियन बहुसंख्य कामगारांची असायला नको. चांगलं झालं. पण जिथे युनियनच नाही, जिथे अर्धी माणसं कंत्राटदाराची आणि उरलेली 'ट्रेनी' आहेत, तिथे बदलीने हैराण झालेल्या माणसाने काय करायचं? राजीनामा द्यायचा. आणि राजीनामा दिला की 'काढलं' असं म्हणता येत नाही, म्हणजे एकट्याने दाद मागायचं दारही गेलं.

यावर मॅनेजमेंटची बाजू ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, सुपरवायझर हा शॉप फ्लोअरवरचा आमचा माणूस. त्यालाही कामगार म्हटलं तर उद्या तो युनियनच्या व्यासपीठावर बसेल आणि परवा त्याच युनियनच्या सभासदाला आरोपपत्र कसं देईल? कुणीतरी मालकाच्या बाजूने उभं राहायला नको का? प्रश्न रास्त आहे. पण तो सामूहिक वाटाघाटीचा प्रश्न आहे: कोण कुठल्या युनियनमध्ये, कुणाच्या वतीने कोण करार करणार. एखाद्याला चौकशीविना काढलं तर त्याला दाद मागता यावी का, हा पूर्ण वेगळा प्रश्न. वाटाघाटीत मालकाच्या बाजूने बसणाऱ्या माणसालाही मालक अन्यायाने काढू शकतो. एकाच व्याख्येत दोन्ही प्रश्न कोंबल्यामुळे पहिल्याच्या भीतीपोटी दुसऱ्याचा बळी जातो.

आणि गंमत अशी, की युनियनच्या बाबतीत कायदा कधीच इतका कद्रू नव्हता. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात कामगार म्हणजे व्यापार-उद्योगात नोकरी करणारी कोणतीही व्यक्ती. नव्या संहितेनेही युनियनच्या प्रकरणापुरती तीच रुंद व्याख्या ठेवली आहे. म्हणजे मॅनेजमेंटला ज्याची धास्ती वाटते ते, सुपरवायझरने युनियनचा सभासद होणं, कायद्याला आजही चालतं. आणि जे धास्तीचं कारण नाही ते, काढल्यावर त्याने न्यायालयात जाणं, तेवढं चालत नाही. संसदेला एका संहितेत दोन व्याख्या ठेवता येतात हे तिने स्वतःच दाखवलं आहे. मग तिसरी का नको?

बडतर्फी आणि कपातीच्या दाव्यांपुरती व्याख्या उलटी करावी. मोबदला घेऊन नोकरी करणारा प्रत्येक जण कामगार. वगळायचा तो एवढाच, ज्याला स्वतःच्या सहीने माणूस नेमता येतो, काढता येतो, शिक्षा देता येते किंवा कंपनीला पैशाच्या व्यवहारात बांधून घेता येतं. शिफारशीची सही यात धरायची नाही. वेतनाचा आकडा काढून टाकायचा. आणि 'हा वगळलेल्यांत बसतो' हे मालकाने सिद्ध करायचं, कारण नेमणूकपत्र त्याने दिलं, पद त्याने ठरवलं, कागद त्याच्याकडे आहेत. कंपन्यांमध्ये अधिकारांचं कोष्टक असतंच: कितीपर्यंतची खरेदी कोण मंजूर करणार, रजा कोण देणार, आरोपपत्रावर कुणाची सही. ते कोष्टक लेखी उत्तरासोबत पहिल्याच तारखेला दाखल करायला लावलं, तर निम्मे आक्षेप घेतलेच जाणार नाहीत.

खटले वाढतील, अशी भीती दाखवली जाईल. काही काळ वाढतीलही. पण आज जे खटले आहेत त्यांतला मोठा वेळ माणूस कामगार आहे का यावरच जातो, आणि तो वेळ वाचेल. वरच्या पगाराच्या माणसांचा बोजा लेबर कोर्टावर नको असेल, तर त्यांना पुन्हा कामावर घेण्याऐवजी फक्त भरपाई देता येईल आणि तिच्यावर कमाल मर्यादा घालता येईल. आकडा घालायचाच असेल तर तो तिथे घाला, मिळणाऱ्या रकमेवर.

आज दाद न मिळणाऱ्याच्या हाती काय उरतं? दिवाणी न्यायालय. तिथे नोकरीचा करार बळजबरीने पाळायला लावत नाहीत. नोटिशीच्या काळाचा पगार मिळाला तर मिळाला. चाकणच्या त्या सुपरवायझरने एप्रिलमधली अडीच हजारांची वाढ नाकारली असती, तर मे महिन्यात तो लेबर कोर्टात उभा राहू शकला असता. पगारवाढ नाकारायचा फॉर्म कुठल्या एचआरकडे मिळतो, तेवढं मात्र संहितेत लिहिलेलं नाही.